ओठांवरची लव आणि भुवया: थ्रेडिंग, ट्रिमर की क्रीम, आणि त्वचा काळी पडू नये यासाठीचा क्रम

फोंड्यात पार्लर चालवताना वर्षानुवर्षे एकच तक्रार माझ्यासमोर येते: ओठांवरचे केस काढले आणि त्या जागी मिशीसारखा तपकिरी पट्टा उमटला. येणारी व्यक्ती दोष साधनाला देते. कोणी म्हणते थ्रेडिंगने झाले, कोणी म्हणते क्रीमने, तर कोणी ट्रिमरने केस जाड झाले असे सांगते. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा साधनात नसून क्रमात असते. त्वचा न पाहता साधन निवडले जाते, चवथीच्या आदल्या संध्याकाळी घाईने वापरले जाते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात स्कूटर काढली जाते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. भुवयांचा विचार जोडीने केला आहे, परंतु भर ओठांवरच्या भागावर आहे, कारण काळेपणाचा त्रास मुख्यतः तिथेच होतो.

१. आधी काळेपणा ओळखावा

सकाळी खिडकीशी, दिव्याशिवाय, हातातला आरसा घेऊन बसावे आणि जिभेने वरचा ओठ आतून पुढे ढकलावा. त्वचा ताणली की तीन वेगळ्या गोष्टींपैकी कोणती आपल्याला त्रास देत आहे हे बऱ्यापैकी कळते.

पहिली गोष्ट म्हणजे केसांची सावली. गडद केस गव्हाळ त्वचेवर दाट असतील तर लांबून जागा काळसर दिसते, पण जवळून पाहिल्यास केसांमधली त्वचा इतर चेहऱ्यासारखीच असते. केस काढताच ही सावली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे दाहानंतर राहिलेला डाग. त्वचेला ओढ, घर्षण किंवा रसायन यांमुळे सूज आली की तिच्यातील रंगपेशी जास्त रंग तयार करतात आणि सूज उतरल्यावरही तो रंग मागे राहतो. आपल्याकडच्या सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हे गोऱ्या त्वचेपेक्षा फार सहज घडते. या डागाची कड केस काढलेल्या जागेशी किंवा क्रीम पसरले होते त्या रेषेशी जुळते. केस काढल्यावर हा डाग जात नाही, उलट अधिक स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वांग. वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच येतो आणि ओठांसोबत गालांवर किंवा कपाळावरही दिसतो. गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि ऊन यांच्याशी त्याचा संबंध असतो. ओठांवर वांग असताना साधन बदलून काहीही साधत नाही, मात्र प्रत्येक नव्या दाहाने तो गडद होतो.

*तपासणी:* गाल आणि कपाळ स्वच्छ असून पट्टा फक्त ओठांवर असेल तर दाहाचा डाग असण्याची शक्यता जास्त. गालांवरही ठसे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय क्रीम किंवा थ्रेडिंग सुरू ठेवू नये.

२. साधन निवडताना काय तोलावे

थ्रेडिंगमध्ये केस मुळापासून निघतो. त्यामुळे ओठांवर साधारण दोन ते चार आठवडे स्वच्छ दिसते. दाह होतो, पण तो केसाच्या छिद्रापुरता असतो आणि नीट केलेल्या कामात लाली काही तासांत उतरते. काळेपणाचा धोका वाढतो तो एकाच जागेवरून दोरा पुनःपुन्हा फिरवल्याने. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आठव्या-दहाव्या दिवशी काही केस दिसू लागतात आणि थ्रेडिंगने वाढ दुप्पट झाली असे वाटते. खरे तर थ्रेडिंगच्या दिवशी ते केस त्वचेच्या खाली होते, दोऱ्यात येण्याइतके वर आलेच नव्हते. त्यांच्यासाठी लगेच पुन्हा दोरा फिरवला तर पूर्ण न सावरलेल्या त्वचेवर दुसरा दाह होतो, आणि हेच काळेपणाचे सर्वांत नेहमीचे कारण मी पाहिले आहे.

ट्रिमर केस त्वचेच्या किंचित वर कापतो. त्वचेवर रसायन नाही आणि ओढही नाही, म्हणून दाह आणि डाग या दोन्ही बाबतींत तो सर्वांत सौम्य आहे. किंमत मोजावी लागते ती वाढीच्या रूपात, कारण तीन-चार दिवसांत टोके हाताला लागतात. ही टोके बोथट असल्याने केस राठ वाटतात. मूळ मात्र तेच असते, त्यामुळे केस जाड किंवा जास्त होत नाहीत.

केस काढण्याच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट जातीचे क्षार असतात आणि क्रीम तीव्र अल्कधर्मी असते. ते केसातील केराटिनचे बंध तोडते. अडचण अशी की त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असतो, त्यामुळे केस विरघळणे आणि त्वचा भाजणे यांत अंतर काही मिनिटांचेच असते. केस त्वचेच्या पातळीवर किंवा थोडा खाली तुटतो, म्हणून पुनर्वाढ ट्रिमरपेक्षा दोन-तीन दिवस उशिरा दिसते. तेवढ्या दोन-तीन दिवसांसाठी दाहाचा धोका तिन्हींत सर्वाधिक आहे, हे पाहून निर्णय घ्यावा.

माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना पूर्वी डाग पडलेला आहे त्यांनी ओठांवर ट्रिमर वापरावा. ज्यांची त्वचा थ्रेडिंगनंतर त्याच दिवशी शांत होते त्यांनी थ्रेडिंग चालू ठेवावे. ओठांवर क्रीम वापरणाऱ्यांना मी अडवत नाही, पण शिफारसही करत नाही.

*सावधान:* भुवयांसाठी क्रीम कधीही वापरू नये, वेष्टनावर ‘चेहऱ्यासाठी’ असे लिहिलेले असले तरीही. घामासोबत ते डोळ्यात उतरले तर बुबुळ भाजू शकते. असे झाल्यास डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान पंधरा ते वीस मिनिटे उघडा धरावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.

३. आठवडाभर आधीची तयारी

मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालीन अथवा रेटिनॉल असलेले मलम रात्री लावत असाल, तर ओठांवरील भागात ते पाच ते सात दिवस आधी थांबवावे. या मलमांनी त्वचेचा वरचा थर नाजूक होतो आणि दोऱ्याबरोबर त्याची सालही निघू शकते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास थ्रेडिंग आणि क्रीम दोन्ही टाळावे आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारावे. पार्लरमध्ये हे आपण होऊन सांगावे, कारण विचारणारे फार थोडे असतात.

तीन दिवस आधीपासून स्क्रब, फेशियल आणि ब्लीच बंद ठेवावे. ओठाच्या कडेला नागीण प्रकारचा पाण्याचा फोड आला असेल, मुरूम पिकलेला असेल किंवा समुद्रावर जाऊन त्वचा उन्हाने रापून चुरचुरत असेल, तर काम पुढे ढकलावे.

समारंभाची तारीख धरून मागे मोजावे. चवथ, लग्न किंवा जत्रा असेल तर थ्रेडिंग तीन ते चार दिवस आधी करावे. वेळ संध्याकाळची निवडावी, म्हणजे त्यानंतर ऊन नसते आणि त्वचेला पूर्ण रात्र मिळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दमट हवेमुळे घाम थांबत नाही. अशा दिवशी दुपारी केलेल्या कामानंतर घाम उघड्या छिद्रांत झोंबतो आणि बारीक पुटकुळ्या येतात.

४. थ्रेडिंगचा क्रम

प्रथम चेहरा साध्या फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करावा. तेल किंवा मलम राहिले तर दोरा घसरतो आणि एकाच केसासाठी तीनदा फिरवावा लागतो. दमट हवेत थोडी टाल्कम पावडर लावणे योग्य, पण तिचा थर नको.

खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात: कारागिराने हात धुतले का, आणि रिळातून नवा दोरा काढला का. दोऱ्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. त्याऐवजी ते मानेत अडकवायला सांगावे. लाळ लागलेला दोरा ताज्या, उघड्या छिद्रांवरून फिरतो, आणि थ्रेडिंगनंतर चामखीळ किंवा पू असलेल्या पुटकुळ्या पसरल्याची उदाहरणे आहेत. असे सांगताना संकोच वाटू नये. चांगल्या कारागिराला त्याचे वाईट वाटत नाही.

ओठांसाठी काम बाहेरच्या कोपऱ्याकडून मध्याकडे व्हावे, कारण नाकाखालची मधली जागा सर्वांत दुखरी असते आणि तोपर्यंत त्वचेला थोडी सवय होते. ग्राहकाने जिभेने ओठ आतून ताणून धरावा. त्वचा सैल राहिली की दोऱ्याच्या पिळात चिमटली जाते, आणि त्या चिमट्याची बारीक रेघ नंतर काळी पडते.

भुवयांसाठी एका हाताने वरची पापणी खाली आणि दुसऱ्या हाताने कपाळ वर ताणून धरावे. आकार खालच्या कडेने द्यावा आणि एक भुवई पूर्ण न करता दोन्ही आलटून पालटून करत जावे. एक पूर्ण करून दुसरी तिच्याशी जुळवायला गेले की दोन्ही बारीक होत जातात. चुकून गेलेला भुवईचा केस परत यायला दोन महिने किंवा अधिक लागू शकतात, आणि वर्षानुवर्षे तीच जागा उपटत राहिल्यास केस कायमचे विरळ होतात.

*सावधान:* एका जागेवरून दोरा दोनदा, फार तर तीनदा फिरवावा. त्यानंतर उरलेले एक-दोन केस चिमट्याने काढावेत किंवा तसेच सोडावेत.

*तपासणी:* लाल ठिपके एक-दोन तासांत फिके होऊन दुसऱ्या सकाळपर्यंत गेले पाहिजेत. दुसऱ्या दिवशीही पूर्ण पट्टा लाल आणि गरम असेल तर पुढच्या वेळी थ्रेडिंग नको.

५. ट्रिमरचा क्रम

चेहऱ्यासाठीचा लहान पात्याचा ट्रिमर घ्यावा. अंगासाठीचा घरातला मोठा ट्रिमर ओठावर फिरवू नये, आणि एकच यंत्र दोघींनी वापरू नये. त्वचा कोरडी असावी. ओठ ताणून पाते अलगद टेकवावे, दाबू नये, आणि छोट्या हालचालींनी प्रथम केसांच्या दिशेने फिरवावे. जे उरतील त्यांच्यासाठीच उलट दिशेने एकदा फिरवावे. गुळगुळीत करण्याचा हट्ट धरून दाबून घासले की ट्रिमरनेही त्वचा सोलवटते, आणि मग त्याचा सौम्यपणा वाया जातो.

भुवयांवर ट्रिमरचा खरा उपयोग लांबी कमी करण्यासाठी आहे. केस ब्रशने वर विंचरून कडेबाहेर येणारी टोकेच कंगव्याचा भाग लावून कापावीत. पापणीजवळचे सुटे केस काढताना डोळा मिटलेला असावा.

काम झाल्यावर पात्यातले केस ब्रशने झाडून पात्यावर सर्जिकल स्पिरिट फिरवावे आणि ट्रिमर पूर्ण कोरडा करून ठेवावा. पावसाळ्यात न्हाणीघरात ठेवलेल्या पात्याला गंज लवकर चढतो. केस कापण्याऐवजी ओढले जात आहेत असे जाणवू लागले की पाते बदलण्याची वेळ झाली.

६. क्रीम वापरायचेच असेल तर

फक्त चेहऱ्यासाठी असलेले क्रीम घ्यावे. ओठाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ वाटाण्याएवढ्या जागेवर लावून, वेष्टनावरील वेळेनुसार काढावे आणि चोवीस तास थांबावे. हाताच्या मनगटावर केलेली चाचणी पुरेशी नाही, कारण ओठांवरची त्वचा त्याहून नाजूक असते.

चाचणी निर्विघ्न झाली तर दुसऱ्या दिवशी ओठांच्या लालसर कडेवर आणि नाकपुड्यांच्या काठावर पेट्रोलियम जेली लावावी. कोरड्या त्वचेवर क्रीमचा सारखा थर ठेवावा, चोळू नये. मोबाइलवर वेळ लावावी. वेष्टनावर दिलेल्या किमान वेळेला ओल्या कापसाने एक छोटी जागा पुसून पाहावी. केस सुटत असतील तर लगेच सर्व काढावे. सुटत नसतील तर कमाल वेळेपर्यंतच थांबावे, त्यापुढे एक मिनिटही नाही. नंतर कोमट पाण्याने भरपूर धुवावे, साबण लावू नये. चुरचुर आगीत बदलली तर वेळ कितीही झालेली असो, त्या क्षणी धुऊन टाकावे.

*सावधान:* उरलेल्या केसांसाठी त्याच दिवशी दुसरा थर लावू नये. गरम पाण्याच्या स्नानानंतर लगेच किंवा थ्रेडिंगनंतरच्या आठवड्यात क्रीम वापरू नये.

७. पुढचे अठ्ठेचाळीस तास

डाग पडणार की नाही हे बहुतेक वेळा इथे ठरते. थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके पाच-सात मिनिटे ठेवावे. बर्फ थेट घासू नये. त्यानंतर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर पातळ लावावे. लिंबू, टोमॅटो, बेसन-हळद, तुरटी आणि अत्तराचे पाणी यांपैकी काहीही दोन दिवस लावू नये. लिंबाविषयी मी नेहमी आग्रहाने सांगते, कारण ते आम्ल तर आहेच, शिवाय त्याचा रस त्वचेवर असताना ऊन लागल्यास स्वतंत्रपणे काळे डाग पडू शकतात.

दुसऱ्या सकाळपासून झिंक ऑक्साइड असलेले, किमान एस.पी.एफ. ३० चे सनस्क्रीन ओठांवरच्या भागालाही लावावे. लोक ते गाल-कपाळाला लावतात आणि घामाने वा चहा पिऊन तोंड पुसताना ओठांवरचे पुसून टाकतात. म्हणून बाहेर असताना दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी तोंड पुसल्यावर पुन्हा लावावे. समुद्रावर जाणे दोन दिवस टाळावे, कारण खारे पाणी झोंबते आणि वाळूवरून परावर्तित झालेले ऊन टोपी घातली तरी खालून चेहऱ्यावर येते. स्कूटरवर चेहऱ्याला बांधायचा स्कार्फ मऊ सुती आणि धुतलेला असावा.

८. एक उदाहरण, दिवसांच्या हिशेबासह

फोंड्याहून रोज स्कूटरने पणजीला जाणारी एक सव्वीस वर्षांची ग्राहक माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ओठांवर स्पष्ट तपकिरी पट्टा होता. ती दर दहा दिवसांनी थ्रेडिंग करत असे. चवथीच्या दोन दिवस आधी काही केस उरले म्हणून, थ्रेडिंगनंतर तिसऱ्याच दिवशी तिने घरी क्रीम लावले आणि केस निघेनात म्हणून दहा मिनिटे ठेवले. आग झाली, लाली आली, दोन दिवसांनी साल निघाली. दोन आठवड्यांत पट्टा उमटला. तो घालवण्यासाठी तिने तीन आठवडे लिंबू आणि स्क्रब केले. म्हणजे मूळ दाह शांत होण्याऐवजी रोज नव्याने होत राहिला.

पट्ट्याची कड केसांच्या रेषेपेक्षा बाहेर, क्रीम पसरले होते तिथपर्यंत होती आणि गाल स्वच्छ होते. त्यामुळे वांग नसावा असे मला वाटले. मी तिला सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवून बाकी सर्व बंद करायला सांगितले. केस असह्य होत म्हणून पाच-सहा दिवसांनी फक्त ट्रिमर, तोही केसांच्या दिशेने एकदाच. सहाव्या आठवड्यात कडा फिक्या झाल्या. चौथ्या महिन्यात पट्टा जवळून पाहिल्यावरच दिसत होता.

पट्टा पूर्ण गेल्यावर आम्ही उजव्या कोपऱ्याकडचा एक तृतीयांश हिस्साच थ्रेड केला, दोरा एकदाच फिरवून. दोन दिवसांनी लाली पाहिली आणि चौदा दिवसांनी रंग पाहिला, कारण डाग लगेच उमटत नाही. काही उमटले नाही, तेव्हाच पूर्ण ओठांवर थ्रेडिंग सुरू केले, आणि तेही चार आठवड्यांच्या अंतराने. मधल्या काळात दिसणाऱ्या एक-दोन केसांना ती आता हात लावत नाही. साधन बदलताना प्रत्येकाने असाच एक हिस्सा, एकच बदल आणि दोन आठवड्यांची वाट हा क्रम ठेवावा.

९. पार्लरचे काम कुठे संपते

पू असलेल्या पुटकुळ्या तीन-चार दिवसांत उतरत नसतील, फोडांतून पाणी येत असेल, त्वचेवर पांढरा चट्टा दिसू लागला असेल किंवा सहा महिन्यांनंतरही डाग फिका होत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. ओठांसोबत हनुवटीवरही जाड, काळे केस नव्याने येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. अशा वेळी केस काढण्याचे कोणतेही साधन मूळ कारणाला पोहोचत नाही.

औषधाच्या दुकानातून ‘डाग जाण्याचे मलम’ स्वतः मागून आणू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात रंग उजळल्यासारखा वाटतो, आणि काही महिन्यांत त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात आणि ओठांवर चक्क नवे केसही वाढतात. डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लावलेल्या सर्व ट्यूब सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही, म्हणजे आत काय होते ते त्यांना वाचता येईल.